धागा : सहावीच्या मुलांसोबत एरोबिक्स बसवतेय, पण दुसऱ्या फेरीला अर्धा वर्ग डाव्या पायाने सुरू होतो

होटगीरोडच्या_बाई

सोलापुरात होटगी रोडकडच्या एका शाळेत गणित शिकवते. सहावीची वर्गशिक्षिका असल्यामुळे स्नेहसंमेलनातला वर्गाचा कार्यक्रम माझ्याकडे आहे. गड्ड्याच्या यात्रेआधी, डिसेंबर अखेरीस कार्यक्रम होईल. मुलं २४, वेळ तीन मिनिटं. फिल्मी नाच दरवर्षी होतोच, म्हणून या वेळी एरोबिक्स ठरवलं आणि तेही मुलांनीच बसवायचं असं म्हटलं. सहा-सहाचे चार गट केले आणि प्रत्येक गटाला आठ मोजण्या दिल्या. त्यांनी बसवलेलं असं आहे :

पहिला गट : मार्च, चार पावलं पुढे, चार मागे. दुसरा गट : स्टेप टच, म्हणजे एक पाय बाजूला टाकून दुसरा त्याच्याजवळ नुसता टेकवायचा, उजवीकडे-डावीकडे मिळून चार वेळा. तिसरा गट : ग्रेपवाईन, म्हणजे दुसरा पाय मागून टाकत बाजूला सरकायचं, चार मोजण्या उजवीकडे, मग चार डावीकडे. चौथा गट : पाऊल टाकून गुडघा वर, असं तीनदा, आणि सात-आठला दोन टाळ्या.

चारही आठ जोडले की ३२ मोजण्या होतात. पहिली फेरी सुंदर होते. दुसरी फेरी सुरू झाली की जवळजवळ अर्धी मुलं डाव्या पायाने मार्च सुरू करतात आणि ग्रेपवाईनपर्यंत एकमेकांवर आदळतात. उजवा पाय असं ओरडून सांगितलं तरी पुढच्या फेरीला पुन्हा तेच. दुसरी अडचण हातांची. पाय नीट बसलेत असं वाटतं, हात घातले की पाय विसरतात. कुठून दुरुस्त करू?

जुईची_आई

मॅडम, छान धागा काढलात. माझं वजन बाळंतपणानंतर वाढलं आहे आणि गुडघाही दुखतो. रोज किती मिनिटं एरोबिक्स केलं तर पोट कमी होईल? घरात फरशी शहाबादी आहे, त्यावर उड्या मारल्या तर चालतील का?

आठाची_मोजणी

जुईची आई, इथे शाळेच्या कार्यक्रमाचं चाललंय, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की लिहीन. तोवर एवढंच सांगते की दुखऱ्या गुडघ्याने शहाबादीवर उड्या नकोत. एक पाय कायम जमिनीवर राहील अशाच स्टेप्स करा आणि गुडघा आधी डॉक्टरांना दाखवा.

बाई, मी बरीच वर्षं एरोबिक्सचे वर्ग घेते, शाळांच्या बॅचही घेतल्यात. तुमची पहिली अडचण चौथ्या गटाच्या टाळ्यांत आहे. मुलांच्या लक्ष देण्याशी तिचा काही संबंध नाही.

पायांनी मोजून बघा. एकला उजवा पाय टाकला, दोनला डावा गुडघा वर. तीनला डावा टाकला, चारला उजवा गुडघा. पाचला उजवा टाकला, सहाला डावा गुडघा वर. म्हणजे सहा संपताना मूल उजव्या पायावर उभं आहे आणि डावा हवेत आहे. आता सातला टाळी. डावा पाय खाली येणारच, पण त्यावर वजन द्यायचं की नुसता टेकवायचा हे कुणी ठरवलेलं नाही. ज्या मुलाने डाव्यावर वजन दिलं त्याचा उजवा मोकळा झाला, ते बरोबर उजव्याने निघतं. ज्याने डावा नुसता टेकवला त्याचं वजन अजून उजव्यावरच आहे, मग ते डाव्यानेच निघणार. त्याला दुसरा पर्यायच नाही. तुम्ही कितीही ओरडलात तरी ज्या पायावर उभं आहे तो पाय कुणाला उचलता येत नाही.

म्हणून प्रत्येक आठच्या शेवटी एकच प्रश्न विचारायचा : आठ म्हटल्यावर कुठला पाय मोकळा आहे? बाकीचे तीन आठ बघा. मार्चमध्ये आठवं पाऊल डावं, उजवा मोकळा. चार स्टेप टचमध्ये शेवटी उजव्याचा टच, उजवा मोकळा. दोन ग्रेपवाईनमध्ये पुन्हा शेवटी उजव्याचा टच. तिघांचंही गणित आपोआप जुळलंय, चौथ्याचं अर्धवट राहिलंय.

आत्तापुरतं असं करा. सातला डावा पाय ठोकून खाली, पूर्ण वजनासकट, आणि त्याच क्षणी टाळी. आठला दुसरी टाळी, उजव्या पायाची टाच वर. चौथ्या गटाला हे समजावून सांगा आणि बदल त्यांनाच करू द्या.

होटगीरोडच्या_बाई

ताई, हे वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून तीनदा करून बघितलं. खरंच, टाळीला पाय कुठे आहे यावर सगळं ठरतं. उद्या वर्गात फळ्यावर ३२ चौकोन काढून प्रत्येकात उ किंवा डा लिहायला सांगते, गणिताच्या तासालाच. आणि हातांचं?

हलगीकर_दादा

बाई, मी लेझीम बसवतो, शाळेतली पोरं आणि गणपतीचं मंडळ, दोन्ही. माझं म्हणणं, हातपाय वेगळे शिकवायचेच नाहीत. लेझमीत पोरगं ‘चार आवाज’ शिकतं तेव्हापासून हातात लेझीम असतीच की. पाय आधी आणि लेझीम नंतर असं केलं तर पोरं पायातच अडकत्यात. पोरं नक्कल करत्यात. पुढं उभं राहून पूर्ण करून दाखवा, आठ दिवसात येतंय.

आठाची_मोजणी

दादा, लेझमीच्या बाबतीत तुमचं पटतं, कारण लेझमीचा आवाजच मोजणी सांभाळतो. हात चुकला की लगेच कानाला कळतं, म्हणून हात आणि पाय एकमेकांना धरून ठेवतात. रिकाम्या हाताला आवाज नाही. तो चुकला तर मुलाला कळत नाही, कळतं तेव्हा ते हाताकडे बघतं आणि पाय थांबतात. शिवाय लेझमीत एक हात, म्हणजे एक प्रकार, बराच वेळ चालतो, इथे दर आठला स्टेप बदलते.

बाई, हात घालायच्या आधी पाय खरंच बसलेत का ते तपासा. मुलांना स्वतः मोठ्याने मोजायला लावा आणि तुम्ही गप्प बसा. मोजताना आवाज कुठे बारीक होतो ते ऐका. बहुतेक वेळा तो ग्रेपवाईनच्या दोन-तीनला किंवा एका आठमधून दुसऱ्यात जाताना जातो. जिथे आवाज जातो तिथे मूल अजून पायाचा विचार करतंय. त्या जागी हात घालायचे नाहीत.

आणि थर एकदम चढवू नका. तुमच्या ग्रेपवाईनचंच उदाहरण घेते, कारण तीच सगळ्यात अवघड आहे. सुरुवातीला ग्रेपवाईन नाहीच. चार मोजण्या नुसतं बाजूला चालायचं : उजवा बाजूला, डावा जवळ, उजवा बाजूला, डाव्याचा टच. मग डावीकडे तसंच. ३२ च्या चौकटीत हेच ठेवून तीन-चार फेऱ्या करा. मग दोनला डावा पाय जवळ ठेवण्याऐवजी उजव्याच्या मागून टाकायचा. बदल एवढा एकच. बाकी सगळं तेच, संगीत चालूच. ते बसलं की हात कमरेवर. हो, हातही आधी कमरेवर ठेवायला शिकवा, नाहीतर ते हवेत काहीतरी करत राहतात. मग एकला दोन्ही हात बाजूला उघडायचे, दोन-तीनला तसेच धरून ठेवायचे, चारला टाळी. चार मोजण्यांत हाताचं काम दोनच. पायाच्या निम्म्या वेगाने हात चालले की मुलांना झेपतं.

चौथ्या मोजणीला टाच बघा. टच केलेल्या पायाची टाच वर असायला हवी. टाच टेकली म्हणजे मुलाने वजन दिलं आणि आता ते डावीकडे डाव्या पायाने निघू शकणार नाही. मागे उभं राहून २४ टाचांकडे एकदा नजर टाकली की कुणाला पुन्हा दाखवायचं ते लगेच कळतं.

थर चढवल्यावर वर्ग कोसळला तर संगीत बंद करू नका. ‘मार्च’ म्हणा, आठ मोजण्या जागेवर मार्च, आणि पुन्हा एक थर खाली. थांबलं की मुलं बोलायला लागतात आणि अंगातली लय जाते.

नवीपेठेतला_साऊंडवाला

गाण्याचं काय ठरलंय बाई? आमच्याकडे शाळांचे ट्रॅक कापून देतो. कुठलंही हिंदी-मराठी गाणं घ्या, सगळी गाणी आठच्या हिशोबातच असतात. बीट जोरात असलेलं घ्या म्हणजे पोरांना जोश येतो.

तबला_अक्कलकोट

साऊंडवाले दादा, बहुतेक गाण्यांना ते लागू पडतं, सगळ्यांना नाही. केहरव्याच्या ठेक्यावरचं गाणं आठ मात्रांचं असतं, ते मुलांच्या मोजणीत बसतं. दादरा सहा मात्रांचा. दादऱ्यातलं गाणं आठवर मोजायला घेतलं की दुसऱ्याच आवर्तनात सम भलतीकडे जाते. मुलं एक म्हणतात तेव्हा तबला तीनवर असतो. लोकगीतं आणि अंगाईसारखी गाणी निवडताना हे आधी तपासावं.

आठ मात्रांच्या गाण्यातही फसगत होते. मुखडा-अंतरा आठच्या पटीत असला तरी मधल्या म्युझिकमध्ये संगीतकार चार मात्रा जादा घालतो, किंवा कडवं सुरू होताना एक तुकडा येतो. ऐकताना छान वाटतं, पण मुलांचा ३२ चा हिशोब तिथे सरकतो. त्यासाठी कागद-पेन घेऊन गाणं ऐकावं. दर आठला एक रेघ, चार रेघा झाल्या की नवी ओळ. गाण्यातला नवा भाग ओळीच्या सुरुवातीला सुरू झाला तर ठीक. ओळीच्या मध्येच सुरू झाला तर जादा किंवा कमी मात्रा त्याच्या आधीच कुठेतरी आहेत. साऊंडवाल्यांकडे जाताना तो कागदच न्यावा, मग कुठे कापायचं हा वाद राहत नाही.

आठाची_मोजणी

तबलावाल्यांनी नेमकं सांगितलं. जोश येतो म्हणून वेगवान गाणं घेण्याबद्दलही बोलते. सहावीच्या मुलांना ग्रेपवाईन करायची असेल तर मिनिटाला १२५ ते १३० ठोके पुरेत. मोजायला सोपं आहे : १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा.

गणिताच्या बाईंना आवडेल असंही एक सांगते. १२८ चा वेग घेतला तर ३२ मोजण्यांना बरोबर १५ सेकंद लागतात. मिनिटात चार फेऱ्या, तीन मिनिटांत १२. तुमचा सगळा कार्यक्रम म्हणजे या बारा फेऱ्या. नवीन स्टेप्स शोधू नका, हेच ३२ प्रेक्षकांसमोर थराथराने चढवा.

होटगीरोडच्या_बाई

गाणं मोजलं. १५ सेकंदांत ३७ आले, म्हणजे १४८. मुलांनीच निवडलेलं आहे, बदलायला तयार नाहीत. हळू केलं तर गायकाचा आवाज जाड होतो.

नवीपेठेतला_साऊंडवाला

आवाज जाड होतो कारण कुणीतरी स्पीड कमी केलाय. टेम्पो कमी करायचा असतो. ऑडॅसिटीत गाणं निवडून `Change Tempo` घ्या आणि १४८ वरून १२८ करा, साधारण साडेतेरा टक्के कमी होईल. पट्टी तीच राहते. एवढं हळू केल्यावर ढोलकीचा आवाज थोडा खडबडीत येऊ शकतो, ऐकून बघा. आणि तबलावाले दादा, जादा मात्रांचं मान्य. गेल्या सीझनला एका ट्रॅकवर असंच झालं होतं, पोरं बरोबर होती आणि सगळे पोरांना बोलत होते.

पूर्वभागातले_गुरुजी

मीही शिक्षक आहे, शहराच्या पूर्व भागात. आमच्याकडे बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. वर्गात सगळे मराठीतच मोजतात, पण घाबरली की मनातल्या मनात घरच्या भाषेत मोजतात आणि तो वेग वेगळा पडतो. म्हणून मी मोजणी मोठ्याने करून घेतो, मनात नाही. आठाची मोजणी ताईंचा उपाय माझ्याकडे या कारणाने लागू पडला.

पण मला दुसरंच विचारायचंय. शिकवताना मुलांकडे तोंड करून उभं राहावं की पाठ करून? मी पाठ करतो. उजवा म्हणजे उजवाच, गोंधळ नाही.

आठाची_मोजणी

मी तोंड करून उभी राहते. मुलांना उजवा सांगते आणि स्वतः डावा टाकते, आरशासारखं. मुलांचे चेहरे आणि पाय दोन्ही दिसतात. पाठ केली की मागे काय चाललंय ते दिसत नाही आणि टाचा तर अजिबात नाहीत.

पूर्वभागातले_गुरुजी

ताई, ते तुम्हाला सरावाने जमतं. आमच्यासारख्यांनी तोंडाने उजवा म्हणत डावा पाय टाकायचा म्हणजे आमचीच मोजणी जाते. मी पाठ करून शिकवतो आणि एका हुशार मुलीला मागे उभं करून चुका सांगायला लावतो.

आठाची_मोजणी

नवी स्टेप पाठ करून दाखवा, सराव तोंड करून घ्या, असा मधला रस्ता काहीजण काढतात. माझं मत मात्र तोंड करूनच. सूचना कधी द्यायची हे त्याहून महत्त्वाचं आहे. पुढच्या स्टेपचं नाव चालू आठच्या पाच-सहाला यायला हवं. आठला नाव घेतलं तर मुलाच्या कानात जाऊन पाय हलेपर्यंत पुढचे दोन निघून जातात. बाई, तुम्ही ओरडून सांगत होतात ते बहुधा एकला सांगत होतात.

होटगीरोडच्या_बाई

हो, एकलाच सांगत होते. आता पाचला ‘ग्रेप’, सहाला ‘वाईन’, सातला ‘उजवी’, आठला ‘कडे’ असं म्हणते. मुलंही माझ्याबरोबर म्हणायला लागली आहेत.

आजची बातमी : सातला डावा पाय ठोकायचा हे चौथ्या गटाने स्वतः सगळ्यांना शिकवलं आणि तीन फेऱ्या सलग उजव्या पायानेच सुरू झाल्या. फळ्यावरच्या चौकोनांचा मोठा उपयोग झाला. एका मुलाने विचारलं की डावा पाय ठोकला नाही, नुसता टेकवला, तर दुसरी फेरी सगळी उलटी होईल का? मी म्हटलं विचारून सांगते.

आणि एक तक्रार. तिसऱ्या गटाला आता ग्रेपवाईनच्या जागी गोल फिरायचंय, मोबाईलवर कुठेतरी बघितलंय. चार मोजण्यांत पूर्ण गिरकी. नाही म्हटलं की चेहरे पडतात.

आठाची_मोजणी

त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. सगळी फेरी उलटी होईल, आणि ती करायलाच हवी. एकाच पायावर बारा फेऱ्या केल्या तर प्रत्येक गोष्ट उजवीकडूनच सुरू होत राहते, प्रेक्षकांनाही ते लंगडं दिसतं. पाय पक्का झाल्यावर, आत्ता नाही, सातला डाव्याचा नुसता टच करा, वजन उजव्यावरच. टाळ्या त्याच. मग मार्च डाव्याने, स्टेप टच आधी डावीकडे, ग्रेपवाईन आधी डावीकडे. शेवटी उजव्याचा टच आला की गाडी पुन्हा उजव्यावर. एका पायाच्या बदलावर ३२ चे ६४ होतात.

गिरकीबद्दल. त्यांना नाही म्हणू नका, अटी घाला. सुरुवातीला उजवा मोकळा, शेवटी उजवा मोकळा, आणि शेजारच्याला हात न लागता. मग त्यांनाच बसवू द्या. उजवीकडे जाताना चार पावलांत वळत फिरणं हा ग्रेपवाईनचाच वरचा थर आहे : एकला उजवा बाजूला, दोनला वळून डावा, तीनला वळण पूर्ण करत उजवा, चारला डाव्याचा टच. जे मूल अडखळेल त्याने साधी ग्रेपवाईनच करायची, जागा आणि पाय दोन्ही तेच राहतात. म्हणून थरांची पद्धत शाळेसाठी बरी पडते. एकाच रांगेत एक मूल फिरतंय आणि शेजारचं चालतंय, तरी दोघं एकत्र पोचतात. फक्त सलग दोन गिरक्या नकोत, चक्कर येऊन डावीकडची चुकते. उजवीकडे गिरकी, डावीकडे साधी.

उड्यांचा थर सगळ्यात शेवटी आणि एकाच आठला द्या. सराव सिमेंटच्या पटांगणात होत असेल तर उड्या तिथे नकोत, खालची जागा मऊ किंवा लाकडी असेल तिथेच. बूट घालून करणार असाल तर सरावही बुटातच करा. मोज्यांवर शहाबादीत ग्रेपवाईन केली की मागे टाकलेला पाय घसरतो.

तबला_अक्कलकोट

बारा फेऱ्या तेच ३२? हात-गिरकी सगळं धरूनही पालक सातव्या फेरीला कंटाळतील असं मला वाटतं. दुसरे ३२ बसवायला हवेत.

हलगीकर_दादा

मला पण तसंच वाटायलंय. लेझमीत आम्ही हात बदलत राहतो, नायतर लोक उठून चहाला जात्यात.

आठाची_मोजणी

तीन मिनिटांत २४ मुलांकडून ६४ वेगळ्या मोजण्या पाठ करून घेण्यापेक्षा ३२ पक्क्या असलेल्या मी पसंत करते. पण कंटाळ्याचा मुद्दा खरा आहे, म्हणून एक फेरी एकामागून एक करा. चार रांगा आहेत. पहिली रांग सुरू करते, बाकीच्या जागेवर मार्च. आठ मोजण्यांनी दुसरी रांग सुरू करते, मग तिसरी, मग चौथी. एका क्षणी चारही गटांनी बसवलेले चारही आठ एकाच वेळी रंगमंचावर दिसतात. मुलांना हे बघून फार आनंद होतो, कारण प्रत्येक रांगेला आपलं आणि दुसऱ्याचं दोन्ही दिसतं.

हिशोब असा : चौथी रांग २४ मोजण्या उशिरा निघते, म्हणून सगळं संपायला २४ अधिक ३२, म्हणजे ५६ लागतात. वर आठ मार्च घातले की ६४. दोन फेऱ्या भरल्या आणि गाण्याशी पुन्हा जुळलं. सुरुवात पुढच्या रांगेपासून करा. ती पुढे जाऊन परत जागेवर येते तेव्हाच दुसरी पुढे निघते, म्हणून टक्कर टाळायला या फेरीत मार्चची पावलं अगदी लहान ठेवा. 

होटगीरोडच्या_बाई

हे करणारच. दुसरे ३२ बसवायचे की नाही ते मुलांवर सोडते, वेळ उरला तर.

आता जागेचं विचारते. रंगमंच आडवा साधारण २५ फूट आहे. रांगेत सहा मुलं, प्रत्येकात चार फूट अंतर ठेवलंय. काल खडूने आखून बघितलं तर कडेची मुलगी ग्रेपवाईनला पडद्यात जाते. सगळी रांग डावीकडे सरकवली की उजवीकडे जागा होते. ते बरोबर ना?

आठाची_मोजणी

उजव्या पायाच्या फेरीत बरोबर, डाव्याच्या फेरीत हीच अडचण दुसऱ्या कडेला येईल. म्हणून रांग मधोमधच हवी. सहा मुलं चार फुटांवर म्हणजे कडेपासून कडेपर्यंत २० फूट. या वयाची मुलं ग्रेपवाईनमध्ये साधारण पाच फूट सरकतात. दोन्ही बाजूंना पाच-पाच धरले तर ३० फूट लागतील. अंतर तीन फूट करा. मग १५ अधिक १० म्हणजे २५, अगदी काठावर. सगळे एकाच दिशेने जातात त्यामुळे तीन फुटांतही धक्का लागत नाही, पण गिरकीला हात पसरले तर लागेल. तेव्हा गिरकीच्या फेरीत हात छातीशी.

किंवा रांगा जरा सरकवून उभ्या करा, मागची मुलं पुढच्यांच्या फटीत, आणि पुढच्या रांगेत पाचच ठेवा. एक मूल मागच्या रांगेत जाईल. ते कुणाला पटवायचं हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागेल.

पूर्वभागातले_गुरुजी

पावलं लहान घ्यायला शिकवणं सोपं नाही का? आमच्याकडे रंगमंच याहून लहान असतो.

आठाची_मोजणी

गुरुजी, सरावात लहान घेतात, कार्यक्रमाला लाईट लागले आणि आई-बाबा समोर दिसले की पावलं मोठी होतात. तरी लहान पावलांचा सराव करून घ्या, नुकसान नाही.

होटगीरोडच्या_बाई

तीन फूट करते. शनिवारी रंगमंच सरावाला मिळणार आहे, तेव्हा खडूऐवजी रंगीत टेपने खुणा लावते, फक्त पुढच्या रांगेला, बाकीचे पुढच्यांच्या पाठीवरून जागा धरतील. त्या दिवशी मी पुढे उभी राहून मोजणार नाही, मुलंच मोजतील. कार्यक्रमात मी विंगेत उभी राहून पाच-सहाला नावं सांगावीत की पूर्ण गप्प राहावं, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. हलगीकर दादा, तुम्ही लेझमीला काय करता?

हलगीकर_दादा

मी हलगीवरच असतो की बाई. हात बदलायच्या आधी हलगीचा एक तुकडा वाजवतो, पोरांना कळतंय. तुमच्या गाण्यात असा तुकडा कुठं आहे का बघा, साऊंडवाल्याला सांगून दर चौथ्या आठाच्या शेवटी बारीक टाळी टाकून घ्या. गुरुवारी मी होटगी रोडला येणार आहे, हलगी आणू का?

होटगीरोडच्या_बाई

आणा दादा. सकाळी साडेसातला या, प्रार्थनेआधी पटांगण मोकळं असतं.